रविवार संध्याकाळची पिशवी

रविवारी संध्याकाळी सहा वाजता सोसायटीच्या फाटकाशी एक गाडी थांबते. सात वर्षांची मुलगी उतरते. पाठीला दप्तर, हातात कपड्यांची फुगलेली पिशवी. बाबा खिडकीतून हात हलवतात, पण ती मागे वळून बघत नाही. वर आल्यावर बूट भिरकावते. आजी दारातच विचारते, "काय खाल्लंस गं तिकडे?" त्यावरून रडारड सुरू होते. जेवण होत नाही. सोमवारी सकाळी पोटात दुखतं आणि शाळा बुडते.

ही मुलगी खरी नाही. अशा अनेक घरांत जे दिसतं ते एकत्र करून मी ती उभी केली आहे. तिला सई म्हणू. आई आणि आजी कोथरूडला राहतात, बाबा चिंचवडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. वेगळं होऊन आठ महिने झालेत. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी सई चिंचवडला जाते आणि रविवारी परत येते. कोर्टाच्या भाषेत ताबा आईकडे आणि भेटीचा हक्क बाबांना. आपल्याकडे बहुतेक घरांत अशीच वाटणी असते. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असावा, असं १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो आणि पुढेही मूल बहुतेकदा तिथेच राहतं. दोघांनी मिळून सांभाळण्याची तरतूद कायद्यात स्पष्टपणे करावी, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५मध्ये आपल्या २५७व्या अहवालात केली. त्यावर अजून कायदा झालेला नाही.

तर सोमवारचं पोट. आईचा अर्थ सरळ आहे : तिकडे वेळेवर जेवण नाही, झोप नाही, वर माझ्याबद्दल काहीबाही भरवलं जातं. बाबांनाही सई परत येताना गप्प झालेली दिसते. त्यांचा अर्थही तितकाच सरळ : तिला तिथे जायचंच नसतं. दोघे आपापल्या वकिलाला हेच सांगतात आणि दोघेही खोटं बोलत नसतात. पुरावा एकच आहे, फक्त तो दोन्ही बाजूंनी वाचला जातो.

विभक्त घरांतल्या मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक आणि बालमानसोपचारतज्ज्ञ या ठिकाणी एक साधं काम देतात. निष्कर्ष काढायच्या आधी वही करा. चार आठवडे रोज दोनच ओळी लिहायच्या : पोट कधी दुखलं, रडू कधी आलं, झोप कशी लागली आणि त्याच्या आधी काय घडलं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मत लिहायचं नाही, वेळ लिहायची. "बाबांकडून बिघडून आली" हे मत झालं. "सव्वासहाला आली, साडेसहाला रडली, सव्वानऊला झोपली" ही नोंद झाली. आई-बाबांनी वेगवेगळ्या वह्या ठेवायच्या आणि महिन्याने समुपदेशकासमोर शेजारी ठेवायच्या.

सईच्या वह्या शेजारी ठेवल्यावर तीन गोष्टी दिसल्या असं समजा. पोट फक्त सोमवारी दुखत नव्हतं, जायच्या शुक्रवारीही सकाळी दुखत होतं. शनिवारी ते कुठल्याच वहीत नव्हतं आणि मधल्या मंगळवार-बुधवारीही नव्हतं. आणि एका शुक्रवारी आई कामासाठी बाहेरगावी होती म्हणून बाबांनी सईला थेट शाळेतून नेलं. त्या दिवशी रडू नाही, दुखणं नाही, काहीच नाही.

म्हणजे त्रास कोथरूडचा नाही आणि चिंचवडचाही नाही. त्रास मधल्या रस्त्याचा आहे. आणखी नेमकं सांगायचं तर फाटकाशी आई-बाबा दोघं समोरासमोर येतात त्या पाच मिनिटांचा. भांडण तिथे होतही नसेल. पण आईचा ताणलेला चेहरा, बाबांचं घड्याळाकडे बघणं, "औषध दिलं होतं का?" या प्रश्नामागचा सूर, हे सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा चांगलं कळतं. एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचा आणि तेही दोघांच्या देखत. हसत गेलं तर एकाला वाईट वाटेल, रडत गेलं तर दुसऱ्याला. पोट दुखलं तर कुणालाच वाईट वाटायचं कारण नाही. पोटदुखी हे सोंग नसतं. काळजीने आतडी खरंच आवळतात आणि मुलाला ते खरंच दुखतं. म्हणून "नाटकं करू नकोस" म्हणायचं नसतं, आणि दर वेळी डॉक्टरांकडे धावायचंही नसतं. एकदा नीट तपासून घ्यायचं, मग वहीकडे वळायचं.

या निरीक्षणाला संशोधनाचा आधार आहे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी विभक्त पालकांच्या किशोरवयीन मुलांशी बोलून १९९१मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ख्रिस्टी ब्युकॅनन, एलिनॉर मॅकोबी आणि सॅनफर्ड डॉर्नबुश या तिघांचा. ‘आपण दोघांच्या मध्ये सापडलो आहोत’ असं मुलाला किती वाटतं, हे त्यांनी मोजलं. ज्यांना तसं जास्त वाटत होतं त्यांच्यात खिन्नता आणि बिघडलेलं वागणं जास्त आढळलं. पालकांचं एकमेकांशी वैर असेल तर हे सापडलेपण वाढत होतं. दोन्ही घरी राहणारी मुलं, पालक जमवून घेत असतील तर छान होती. पालक भांडत असतील तर तीच मुलं सगळ्यात जास्त कात्रीत सापडत होती. दोन घरं असणं हे त्यामुळे ना औषध, ना विष. दोन घरांच्या मधे काय चालतं, त्यावर ते ठरतं.

आता वहीवरून काय करायचं ते बघू. पहिला बदल वेळापत्रकात नाही, देवाणघेवाणीच्या जागेत. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाबांनी सईला शाळेतूनच न्यायचं आणि रविवारी संध्याकाळी आणण्याऐवजी सोमवारी सकाळी शाळेत सोडायचं. शाळा ही कुणाच्याही बाजूची नाही. सई एका घरातून शाळेत जाते आणि शाळेतून दुसऱ्या घरी जाते. निरोप दोन्ही वेळा बाईंच्या आणि मैत्रिणींच्या गोंधळात विरघळून जातो. आई-बाबांनी समोर येण्याची गरजच उरत नाही. ज्यांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे भांडणच होतं, अशा पालकांना तज्ज्ञ हाच मार्ग सांगतात : मैत्रीची अपेक्षा नको, एकत्र बसून निर्णय नकोत, आपापल्या घरात आपापलं पालकपण करा आणि एकमेकांच्या वाटेत येऊ नका. हे ऐकायला रुक्ष वाटतं. पण चिडलेल्या दोन माणसांकडून सहकार्याची अपेक्षा ठेवण्यापेक्षा ते फार व्यवहारी आहे.

व्यवहाराला किंमत मात्र पडते. शाळा सकाळी सात-वीसची. चिंचवडहून सहाच्या आत निघावं लागतं, म्हणजे सईला सव्वापाचला उठवायचं, म्हणजे रविवारी साडेआठला झोपवायचं. बाबांचं घर अकराशिवाय शांत होत नाही. समुपदेशकाच्या खोलीत खरी खडाजंगी इथे होते. आईला वाटतं, तिकडे सगळंच माझ्यासारखं चाललं पाहिजे : जेवणात पालेभाजी, टीव्ही अर्धा तास, मोबाइल नाही. बाबांना वाटतं, माझ्या घरात तिने का सांगावं? अनुभवी समुपदेशक इथे यादी छाटतात. दोन घरांत दोन रीती असल्या तरी मुलाचं बिघडत नाही. शाळेत एक शिस्त, आजोळी दुसरी, हे मुलं तीन वर्षांची असल्यापासून सांभाळतात. ज्या गोष्टी शरीराच्या घड्याळाशी बांधलेल्या आहेत, तेवढ्या जुळवायच्या. सईच्या बाबतीत तीन ठरल्या : झोपायची वेळ, गृहपाठ आणि दम्याचा पंप. बाकी शनिवारी सकाळी मिसळ आणि दुपारी कार्टून हे बाबांच्या घरचं. त्याची विचारपूस नाही.

मग पिशवी. दर पंधरा दिवसांनी कपडे भरणारं मूल पाहुणं असतं. म्हणून चिंचवडला दुसरा गणवेश, दुसरा ब्रश, दुसऱ्या चपला, आणि भिंतीवर तिच्या हाताला येईल अशी तिची स्वतःची खुंटी. खर्च फार नाही. फ्लॅट मोठा नसला, वेगळी खोली नसली तरी चालतं. एक खण आणि एक खुंटी तिची हवी, आणि ती नसताना त्या खणात इस्त्रीचे कपडे ठेवायचे नाहीत. एकच वस्तू दोन्ही घरी फिरते. सईच्या बाबतीत ती आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी. आईला वाटायचं, ती तिकडे हरवेल. बाबांनी एकदा ती प्रेमाने मशिनमध्ये टाकली आणि त्या रात्री सई झोपलीच नाही. लहान मुलाला धीर देतो तो वस्तूचा वास. गोधडी धुवायची असेल तर मधल्या आठवड्यात, कोथरूडला.

वस्तू जमतात, शब्द जमायला वेळ लागतो. मराठी घरांत एक बदल नकळत होतो. वेगळं व्हायच्या आधी आई म्हणायची, "बाबा आले." आता म्हणते, "तुझा बाबा आला." ‘तुझा’ आणि एकेरी, दोन्ही मुलाच्या कानावर पडतं. तसंच ‘तिकडे’. चिंचवड हे नाव नाहीसं होतं, बाबांचं घर नाहीसं होतं, उरतं फक्त ‘तिकडे’, जणू त्या जागेचं नाव घेणं अशुभ आहे. आजीने फक्त "बाबांकडे" म्हणायचं ठरवलं, तर मुलाच्या खांद्यावरचं बरंच ओझं उतरतं. पण आजीला हे सांगणार कोण? आपल्याकडच्या विभक्त घरात दोनच मोठी माणसं नसतात. आजी-आजोबा, मामा, आत्या, शेजारच्या काकू असतात आणि त्यांच्या रागाला कोर्टाचा आदेश लागू नसतो. परदेशी पुस्तकांत ही पात्रं फारशी नसतात. म्हणून इथले चांगले समुपदेशक एक बैठक आजीबरोबर घेतात.

आजीला सांगायची गोष्ट एकच असते : मूल घरात आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न नको. काय खाल्लं, कोण आलं होतं, बाबा काय म्हणाले, काही नको. पाणी द्यायचं, आवडती पोळी करायची, आपलं काम करत राहायचं. मूल स्वतः सांगेल ते ऐकायचं. "मजा आली" म्हणालं तर "छान झालं" म्हणायचं. हे म्हणणं आईला सगळ्यात जड जातं, पण सईला नेमकी त्याच परवानगीची वाट असते. निरोपही तिच्या हाती द्यायचे नाहीत. "बाबांना सांग फी भरायची आहे" हा निरोप नसतो, ते भांडण असतं आणि ते आपण सात वर्षांच्या मुलीच्या हाती सोपवतो. फी, औषधं, सहली, आजारपण यांसाठी आई-बाबांमध्ये एकच लेखी वाट ठेवायची, ईमेल किंवा मेसेज. बोलणं मुलाविषयीच आणि थोडक्यात, बँकेला पत्र लिहावं तसं.

फोनचं गणितही वेगळं असतं. शनिवारी आठ वाजता आईचा फोन येतो. "तुझ्याशिवाय करमत नाही गं" हे वाक्य आईच्या मनातून येतं, पण सईला ते असं ऐकू येतं : मी इथे हसते आहे आणि आई तिकडे रडते आहे. दहा मिनिटं पुरेत आणि बोलायचं ते अगदी किरकोळ. मांजरीने पिल्लं घातली, कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली. मुलाला कळायला हवं की ते घर जागेवर आहे, ते आपल्या परत येण्यासाठी झुरत नाही. भेट जमत नसेल तर व्हिडिओ कॉलने संपर्क ठेवण्याची मुभा मिळावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२०मध्ये यशिता साहू प्रकरणात म्हटलं आहे. त्याच निकालात दोन्ही पालकांच्या प्रेमावर मुलाचा हक्क आहे, हेही आहे.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्यावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी महिन्याभराच्या तारखा सईकडूनच रंगवून घ्यायच्या, निळा कोथरूड, केशरी चिंचवड, आणि तसंच एक कॅलेंडर बाबांकडे. "आज मी कुठे?" हा प्रश्न मुलाने विचारायला लागू नये. सणांचं मात्र आधी ठरवायचं आणि ठरल्यावर रंगवायचं. गणपती बाबांच्या गावी असतील तर ते पाच दिवस केशरी. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, पण भाऊबीज कुठे, हे ऑक्टोबरमध्ये नाही, जूनमध्ये ठरवायचं. "तुला कुठे जायचंय?" असं मुलाला विचारणं हे मोकळेपण वाटतं, पण ते निवड करायला लावणं आहे. सईला दोघांनीही असं विचारलं होतं. तिने आईला सांगितलं, मला इथेच राहायचंय, आणि बाबांनाही सांगितलं, मला इथेच राहायचंय. दोन्ही वाक्यं दोन वकिलांच्या फाइलमध्ये गेली.

सईपेक्षा लहान मुलांचं निराळं. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला पंधरा दिवस हा काळ पेलत नाही. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा, थोडा थोडा वेळ भेटणारा बाप हवा. ज्याने नेहमी खाऊपिऊ घातलं, झोपवलं, त्याच्याशी ओळख टिकते. रात्री मुक्काम कधी सुरू करावा, यावर तज्ज्ञांत खरा वाद आहे. ऑस्ट्रेलियात जेनिफर मॅकिंटॉश यांच्या २०१०च्या अभ्यासाने तान्ह्या बाळांच्या वारंवार मुक्कामाबाबत सावध राहायला सांगितलं. २०१४मध्ये रिचर्ड वॉरशॅक यांनी लिहिलेल्या आणि ११० अभ्यासकांनी पाठिंबा दिलेल्या निवेदनाने ही सावधगिरी फाजील ठरवली. तीन ते पाच वयाची मुलं आणखी वेगळं काही मनाशी बांधून बसतात : मी दूध सांडलं, म्हणून बाबा गेले. ‘तुझ्यामुळे नाही’ हे त्यांना एकदा सांगून पुरत नाही, प्रसंगाप्रसंगाने सांगावं लागतं.

हे सगळं लागू होतं ते दोन्ही घरं सुरक्षित असतील तिथेच. मारहाण, दारू पिऊन होणारा धिंगाणा किंवा मुलाशी गैरवर्तन असेल, तिथे ‘जमवून घ्या’ हा सल्ला धोकादायक आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१नुसार दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाला अपायकारक वाटली तर नाकारतात. मग फरक ओळखायचा कसा? पुन्हा वहीच. जाण्या-येण्याचा त्रास हा जाण्या-येण्याच्या आसपास येतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. तो आठवडाभर पसरला, महिना-दीड महिना हटला नाही, मूल एका विशिष्ट माणसाचं किंवा खोलीचं नाव घेऊन घाबरलं, अंगावर खुणा दिसल्या, वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं आलं, मरणाबद्दल किंवा नाहीसं होण्याबद्दल बोललं, तर वेळापत्रकाशी खेळत बसायचं नाही. बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, तातडीची गरज असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. बिछाना ओला होणं, अंगठा चोखणं, आईच्या मागेमागे फिरणं ही मागे सरकण्याची चिन्हं मात्र पहिल्या काही महिन्यांत बहुतेक मुलांत दिसतात आणि रागावलं नाही तर जातात. व्हर्जिनियातल्या मेव्हिस हेदरिंग्टन यांच्या दीर्घकालीन पाहणीत बहुतेक घरं साधारण दोन वर्षांत सावरलेली दिसली.

सईचा सोमवार दोन-अडीच महिन्यांत बराच शांत होतो. शुक्रवार अधूनमधून दुखतो. आणि एक प्रश्न जात नाही. गोधडीत शिरल्यावर, दिवा मालवल्यावर ती विचारते, "आई, तुम्ही परत एका घरात राहणार?" मुलं हा प्रश्न वर्षानुवर्षं धरून ठेवतात, आई-बाबांनी दुसरं लग्न केल्यावरसुद्धा. "बघू" म्हणून वेळ मारून नेली तर मूल त्या ‘बघू’ला लटकून राहतं. उत्तर दर वेळी तेच, थोडक्यात आणि न चिडता द्यायचं : नाही, आम्ही वेगळेच राहणार, तू मात्र दोघांची आहेस.

आता वह्या बंद झाल्या आहेत, पण फेकलेल्या नाहीत. सई पाचवीत गेली की शाळा दुपारची होईल आणि सोमवारी सकाळी शाळेत सोडण्याची सोय मोडेल. शनिवारी क्लास लागेल, मैत्रिणींचे वाढदिवस असतील, पंधरा दिवसांनी चिंचवडला जाणं तिला जाचक वाटेल. त्यात आईची फूस असेलच असं नाही. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यातही मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालयाने ती विचारात घ्यावी अशी मुभा आहे, पण निर्णय मुलावर टाकलेला नाही. तेव्हा तिचं म्हणणं ऐकायचं, आणि तारखा पुन्हा दोघांनी ठरवायच्या. मेसेजवरच.